रिफंड रखडलाय, रागाने लिहिलेला मेल पाठवण्याआधी जरा बघता का?

गोदाकाठची | १४ जुलै २०२५, रात्री ९.१०

नमस्कार. ऑनलाइन वॉशिंग मशीन घेतलं होतं. ६ जूनला घरी आलं तेव्हा दाराची कड चेपलेली होती, दार नीट बसतच नव्हतं. तक्रार केली, ९ जूनला त्यांचा माणूस येऊन मशीन घेऊन गेला. १२ तारखेला मेल आला की सात कामकाजाच्या दिवसांत पैसे परत मिळतील. त्यानंतर नुसती टोलवाटोलवी चालू आहे. चॅटवर म्हणतात, "आमच्याकडून रिफंड गेलाय, बँकेत विचारा." बँक म्हणते, "आमच्याकडे काहीच आलेलं नाही." पैसे डेबिट कार्डाने भरले होते. ते अडकल्यामुळे दुसरं मशीन घेता येत नाही, आणि घरात आजारी माणूस असल्याने रोज कपड्यांचा ढीग पडतो.

आज संध्याकाळी हा मेल लिहिला. नवरा म्हणतो पाठवू नकोस, मला वाटतं पाठवावाच. तुम्ही वाचून सांगा.

> तुम्ही लोक निव्वळ लुटारू आहात! खराब माल माथी मारायचा आणि पैसे गिळून बसायचं, हाच तुमचा धंदा आहे. महिना उलटून गेला तरी माझे १७-१८ हजार परत केलेले नाहीत. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी तीच पोपटपंची! तुमच्या त्या डिलिव्हरीवाल्याने मशीन आपटलं, त्याला आधी कामावरून काढा. मला पैसे, व्याज आणि मनस्तापाची भरपाई पाहिजे. दोन दिवसांत पैसे आले नाहीत तर पोलिसांत जाईन, कोर्टात खेचेन आणि सगळीकडे तुमची अब्रू काढेन. आमच्या घरात आजारी माणूस आहे, तुम्हाला लाजा वाटत नाहीत का?

---

नाना_सातारकर | रात्री ९.३२

ताई, बिनधास्त पाठवा. गोड बोलून कुणी पैसे देत नाही. आणि त्यात एक वाक्य वाढवा: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाच दिवसांनंतर उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. हिशोब मांडून मागा. माझ्या भाच्याला मिळालेत, म्हणून खात्रीने सांगतो.

---

हेडफोनवाला | रात्री १०.०५

गोदाकाठची, मी काही वर्षं ग्राहक सेवा विभागात तक्रारींचे मेल हाताळायचं काम केलंय (ही कंपनी नव्हे, दुसरी). तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. पण हा मेल आमच्या टेबलावर आला असता तर त्याचं काय झालं असतं ते सांगतो.

मेल उघडणारा माणूस आधी ऑर्डर नंबर शोधतो. तो यात नाही. मग रक्कम बघतो, तर "१७-१८ हजार". मग मागणी काय आहे ते बघतो, आणि इथे त्याला चार मागण्या दिसतात: पैसे, व्याज, भरपाई आणि डिलिव्हरीवाल्याला काढणं. त्याला तक्रारीचा एक प्रकार निवडावा लागतो. डिलिव्हरीवाल्याचं वाक्य पाहून तो "कर्मचाऱ्याची वागणूक" असा प्रकार निवडू शकतो. तसं झालं की तुमची तक्रार पैशांच्या विभागाकडे जातच नाही. चार दिवसांनी तुम्हाला दिलगिरीचा मेल येतो आणि तिकीट बंद.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मेल वाचणाऱ्या त्या मुलाच्या हातात तुमचे पैसे सोडण्याचा अधिकार नसतो. तो फक्त हिशोब विभागाकडे पुढे पाठवू शकतो. म्हणजे तुमचा मेल खरा ज्याच्यासाठी आहे तो माणूस दुसराच आहे, त्याने तुमची एकही चॅट वाचलेली नाही. पहिल्या मुलाला एक अक्षरही न बदलता मेल पुढे ढकलता आला पाहिजे. "लुटारू" लिहिलेला मेल तो तसाच पुढे पाठवत नाही, स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहितो, आणि त्या दोन ओळींत तुमच्या तारखा गळून पडतात. सभ्य भाषा यासाठी हवी. त्यांच्यावर मेहेरबानी म्हणून नको.

---

वरदा_प | रात्री १०.४०

हेडफोनवाला यांच्याशी सहमत. मी ग्राहक पंचायतीच्या कामात मदत करते, म्हणून त्यात एक वाचणारा वाढवते. उद्या हे प्रकरण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलं, तर हाच मेल तिथे जोडावा लागतो. परका माणूस तो वाचून ठरवणार की तुम्ही काय मागितलं होतं, कधी मागितलं होतं आणि किती मुदत दिली होती.

नाना, तुमच्या १०० रुपयांबद्दल. नियम खरा आहे, पण तो इथे लागत नाही. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं ते परिपत्रक फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. म्हणजे दुकानात यूपीआय केलं, खात्यातून पैसे कापले गेले, पण दुकानदाराला मिळाल्याचं आलंच नाही, अशा वेळी ठरलेल्या दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, नाहीतर दिवसाला १०० रुपये. तुमच्या भाच्याचं बहुधा असंच काहीतरी असणार. गोदाकाठची यांचा व्यवहार मात्र व्यवस्थित पार पडलेला आहे, वस्तू आली, मग परत गेली. हा विक्रेत्याने द्यायचा परतावा. मेलमध्ये चुकीचा नियम घातला तर हिशोब विभागाला तेवढाच खोडून काढायला मिळतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

---

नाना_सातारकर | रात्री १०.५८

भाच्याचं पेट्रोल पंपावरचं होतं. ठीक आहे, तो मुद्दा सोडतो. पण सौम्य लिहून काम होतं हे मला अजून पटलेलं नाही.

---

करडई | रात्री ११.१५

सौम्य नको, नेमकं लिहा. यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न अजून कुणी विचारला नाही: पैसे खरंच निघालेत का?

कार्डावर परतावा पाठवला की त्याला एक एआरएन नंबर पडतो, २३ आकडी. तो विक्रेत्याच्या बाजूला दिसतो, आणि त्यावरून तुमची बँक तो परतावा शोधू शकते. यूपीआयने पैसे भरले असतील तर त्याच कामाला १२ आकडी व्यवहार क्रमांक येतो. "आमच्याकडून गेलाय" हे वाक्य त्या नंबराशिवाय निरर्थक आहे. नंबर देता आला, तर पैसे वाटेत किंवा बँकेत अडकलेत आणि पुढचं भांडण बँकेशी. नंबर देता आला नाही, तर बहुतेक वेळा परतावा फक्त त्यांच्या पडद्यावर "मंजूर" झालेला असतो, प्रत्यक्षात निघालेलाच नसतो. मी एका दुकानाचं ऑनलाइन पेमेंटचं काम बघते, तिथे हे नेहमी दिसतं. मंजुरी एक माणूस देतो, पैसे दुसरी यंत्रणा पाठवते, आणि मधे काही अडकलं तर ग्राहक सेवेच्या पडद्यावर ते दिसतच नाही. म्हणजे चॅटवरचा मुलगा खोटं बोलतोय असंही नाही, त्याला तेवढंच दिसतंय.

म्हणून मेलमध्ये "पैसे द्या" याच्या आधी "एआरएन द्या" हवं. बँकेतही नुसतं "रिफंड आला का" विचारलं तर "नाही" एवढंच उत्तर मिळतं. नंबर घेऊन गेलात की त्यांना शोधावं लागतं.

एक विचारते, ते डेबिट कार्ड अजून चालू आहे ना? मधे बदललं वगैरे नाही ना?

---

गोदाकाठची | रात्री ११.३०

कार्ड तेच आहे, चालू आहे. एआरएन हा शब्द मला ना कंपनीने सांगितला ना बँकेने.

चॅट परत काढून बघितली. २७ जूनच्या चॅटमध्ये लिहिलंय की रिफंड २४ जूनला "प्रोसेस" झाला. बिल एकूण १८,४८९ रुपयांचं आहे: मशीन १७,९९० आणि बसवून देण्याचे ४९९. बसवलं तर नाहीच. आत्ताच्या आत्ता कुणी नमुना लिहून दिला तर फार बरं होईल, माझं डोकं चालत नाहीये.

---

शिरीष७१ | १५ जुलै, सकाळी ७.५०

माझाही रिफंड अडकलाय, पण आयकराचा. बँक खातं पोर्टलवर पडताळून घ्यावं लागतं, ते राहिलं होतं म्हणून अडकला. तुम्ही खातं पडताळलंय का?

---

करडई | सकाळी ८.१५

शिरीषदादा, ते आयकराला लागू, इथे नाही. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे उत्तर देणारे भेटतील.

---

हेडफोनवाला | सकाळी ८.४०

हा घ्या मसुदा. तुमच्या मेलमधलं कामाचं सगळं यात आहे, फक्त क्रम बदललाय. नवा मेल करू नका, त्यांच्या १२ जूनच्या मेललाच उत्तर म्हणून पाठवा. नवं तिकीट निघालं की जुना इतिहास वेगळा पडतो.

> विषय: ऑर्डर क्र. ______ : वॉशिंग मशीनचा १८,४८९ रुपयांचा परतावा अद्याप मिळालेला नाही
>
> नमस्कार,
>
> या ऑर्डरमधलं वॉशिंग मशीन ६ जून २०२५ रोजी दाराची कड चेपलेल्या अवस्थेत मिळालं. तुमच्या प्रतिनिधीने ते ९ जूनला परत नेलं. १२ जूनच्या ईमेलमध्ये तुम्ही सात कामकाजाच्या दिवसांत पैसे परत देण्याचं कळवलं होतं. २७ जूनच्या चॅटमध्ये परतावा २४ जूनला झाल्याचं सांगण्यात आलं. १४ जुलैपर्यंत माझ्या खात्यात ही रक्कम जमा झालेली नाही.
>
> कृपया सोमवार, २१ जुलैपर्यंत पुढीलपैकी एक करावं. परतावा पाठवला असेल, तर त्याचा एआरएन, तारीख आणि रक्कम कळवावी, म्हणजे मला बँकेकडे चौकशी करता येईल. पाठवला नसेल, तर पूर्ण १८,४८९ रुपये मूळ डेबिट कार्डावर (शेवटचे चार आकडे ____) पाठवून तसं लेखी कळवावं.
>
> ही रक्कम अडकल्यामुळे मला दुसरं मशीन घेता आलेलं नाही आणि घरात आजारी व्यक्ती असल्याने अडचण रोजची आहे. म्हणून आणखी मुदत देणं मला शक्य नाही. २१ जुलैपर्यंत उत्तर न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार नोंदवेन.
>
> सोबत: बिल, मशीन परत नेल्याची पावती, १२ जूनचा ईमेल, २७ जूनच्या चॅटचं चित्र, १ जून ते १४ जुलैचा खात्याचा उतारा.
>
> आपली,
> (नाव, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक)

आजारी माणसाचं वाक्य मी मुद्दाम ठेवलंय. तुमच्या मेलमध्ये ते "लाजा वाटत नाहीत का" याला जोडलेलं होतं, इथे ते मुदत न वाढवण्याचं कारण म्हणून आलंय. असं वाक्य पुढच्या माणसापर्यंत जसंच्या तसं पोचतं.

"दोन दिवसांत" ऐवजी वार आणि तारीख घातलीय. दोन दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद होतो, २१ जुलैवर होत नाही. पोलीस काढून टाकले, कारण साध्या उशिरासाठी तुम्ही पोलिसांत जाणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. जे नक्की करणार तेवढंच लिहायचं, आणि लिहिलं की त्या तारखेला करायचंच.

---

वरदा_प | सकाळी ९.३०

छान झालाय. दोन भर घालते.

हा मेल फक्त ग्राहक सेवेला नको, त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावाच लागतो, बहुतेक सगळ्यात खाली बारीक अक्षरांत असतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असं नियमात आहे. चॅटवर कितीही वेळा बोललात तरी त्या अधिकाऱ्याकडे तक्रार गेली असं धरता येईलच असं नाही, म्हणून आजच पाठवा.

दुसरं, खात्याचा उतारा जोडताना बाकीचे व्यवहार काळे करा. कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरतात. पूर्ण नंबर, मागचा तीन आकडी क्रमांक, ओटीपी यातलं काहीही मेलमध्ये नको.

कायद्याचं कलम या पहिल्या मेलमध्ये मी घातलं नसतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आहे की सदोष माल परत घेऊन बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. ते दुसऱ्या मेलसाठी राखून ठेवा. सगळं पहिल्याच दिवशी खर्च केलं तर २२ तारखेला नवीन सांगायला काही उरत नाही.

---

मधुरा_के | सकाळी १०.२०

मला हे "राखून ठेवा" पटत नाही. माझ्या वेळी मी पहिल्याच मेलमध्ये कलम लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी फोन आला.

आणि माझा अनुभव सांगते, कारण इथे कुणी हप्त्यांवर घेतलेलं असेल तर कामाला येईल. मी क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर फ्रीज घेतला होता, तो परत केला. रिफंड कार्डावर वेळेत आला, पण हप्ते कापले जातच राहिले! कंपनी म्हणाली, पैसे दिले, आमचा संबंध संपला. मग कळलं की परतावा जमा होणं आणि ईएमआय बंद होणं या बँकेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईएमआय रद्द करायला बँकेला वेगळं लिहावं लागलं. प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी मात्र परत मिळाला नाही, त्यावर अजून भांडतेय.

---

नाना_सातारकर | सकाळी ११.०५

मसुदा चांगला आहे, मान्य. पण मी अजूनही म्हणेन की सोशल मीडियावर टाका. लोकांसमोर आलं की यांची झोप उडते. माझ्या शेजाऱ्यांना एका पोस्टवर दोन तासांत उत्तर आलं होतं.

---

करडई | सकाळी ११.४०

नाना, उत्तर येतं हे खरं आहे, पण कुणाकडून येतं ते बघावं लागतं. कंपनीचं नाव घेऊन तक्रार टाकली की खालोखाल त्याच नावाची आणि चित्राची खोटी खाती येतात: "तुमचा नंबर पाठवा, रिफंड लगेच करतो." मग लिंक येते किंवा यूपीआयवर पैशांची मागणी येते आणि पिन टाकायला सांगतात. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. टाकायचंच असेल तर ऑर्डर नंबर आणि मोबाइल न देता "१५ जुलैला ईमेल केला आहे, उत्तराची वाट बघत आहे" एवढंच टाका, आणि पुढचं बोलणं त्यांच्या ॲपमध्येच करा. "लुटारू" तिथेही नको. घडलं ते तारखांसह लिहायला कुणाची हरकत नाही, चोरीचा आरोप मात्र तुम्हाला सिद्ध करावा लागेल.

---

गोदाकाठची | दुपारी १२.३०

पाठवला. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता खरंच अगदी तळाशी सापडला. मसुदा मराठीतच ठेवला, कारण त्यांची माणसं फोनवर मराठीत बोलतात. चुकलं का?

---

हेडफोनवाला | दुपारी १.१०

चुकलं नाही. पण हिशोब विभाग दुसऱ्या राज्यात असेल तर तिथे कुणीतरी भाषांतर करणार, आणि तिथे पुन्हा गळती होऊ शकते. मी असतो तर खाली तेच तीन परिच्छेद इंग्रजीत जोडले असते. आता गेलाय तर राहू द्या. आकडे, तारखा आणि एआरएन कुठल्याही भाषेत कळतात.

---

वरदा_प | दुपारी १.४५

माझं मत वेगळं. ग्राहकाने स्वतःच्या भाषेत लिहावं आणि कंपनीने ते समजून घ्यावं. माल विकताना ॲप मराठीत चालतं, तर तक्रारही मराठीत चालली पाहिजे.

---

गोदाकाठची | १८ जुलै, सायंकाळी ६.२०

पोच १६ तारखेला आली. आज तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडून उत्तर आलं. २४ जूनला परतावा पाठवला होता पण तो "अयशस्वी" होऊन त्यांच्याकडेच परत आला, असं म्हणतात. कारण दिलेलं नाही आणि एआरएनही नाही. आता खात्यावर थेट १७,९९० रुपये पाठवतो म्हणतात, त्यासाठी खातं क्रमांक, आयएफएससी आणि रद्द केलेला चेक मागितलाय. ४९९ चा उल्लेखच नाही.

करडई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पैसे त्यांच्याकडेच होते. आता दोन प्रश्न. तपशील द्यायचे का? आणि १७,९९० घेतले तर ४९९ वर पाणी सोडल्यासारखं होईल का?

---

करडई | सायंकाळी ६.५५

तपशील द्यायला हरकत नाही. खातं क्रमांक आणि आयएफएससीने पैसे फक्त येऊ शकतात. पण मेलमधल्या लिंकवरून देऊ नका, ॲपमध्ये ऑर्डर उघडून तिथून द्या. मेल त्या अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावरूनच आलाय ना, तेही ताडून बघा. चेकवर आडवी रेघ मारून "रद्द" लिहा, सही करू नका. आणि पैसे पाठवले की यूटीआर नंबर कळवा असं आत्ताच लिहून ठेवा, म्हणजे परत "आमच्याकडून गेलाय" नको.

---

वरदा_प | सायंकाळी ७.३०

पैसे घ्या. घेताना एवढंच लिहा: "१७,९९० रुपये परताव्याचा भाग म्हणून स्वीकारत आहे. मशीन बसवलं गेलं नसल्यामुळे बसवण्याचे ४९९ रुपये अजून येणे आहेत, तेही २१ जुलैपर्यंत पाठवावेत." "तक्रार मिटली का?" असं बटण आलं तर दोन्ही रकमा मिळेपर्यंत "हो" दाबू नका.

२१ ला काहीच आलं नाही, तर २२ ला १९१५ वर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि हे दोन्ही मेल जोडा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, कंपनीशी बोलून मध्यस्थी करते. तिथेही नाही झालं तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. व्याज आणि मनस्तापाची भरपाई मागायची खरी जागा तीच.

---

मधुरा_के | रात्री ८.०५

४९९ साठी मी आत्ता अडून बसले नसते. आधी मोठी रक्कम हातात येऊ दे, मग दुसऱ्या मेलमध्ये मागा. दोन मागण्या एकत्र केल्या की ते "वाद चालू आहे" म्हणून १७,९९० सुद्धा थांबवतात.

---

हेडफोनवाला | रात्री ८.४०

मधुरा म्हणतात तसं होऊ शकतं, मी पाहिलंय. पण रक्कम मुकाट्याने घेतली की तिकीट आपोआप बंद झालेलंही पाहिलंय, मग ४९९ साठी पुन्हा पहिल्यापासून. "भाग म्हणून स्वीकारत आहे" हे वाक्य मला जास्त सुरक्षित वाटतं.

---

गोदाकाठची | रात्री ९.१५

वरदाताईंचं वाक्य घालून उत्तर पाठवलं, तपशील ॲपमधून दिले, यूटीआर मागितला. तिकीट उघडंच ठेवलंय. सोमवारी काय होतं ते इथेच लिहीन.